सध्याचा सीटीसी किती?

फोन आला तेव्हा मी हिंजवडीत कंपनीच्या कँटीनच्या रांगेत उभी होते. एका कन्सल्टन्सीतला मुलगा, आवाजावरून नवखा. टेस्ट ऑटोमेशनची जागा आहे, क्लायंट बाणेरला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मग श्वासही न घेता त्याने विचारलं, "मॅडम, सध्याचा सीटीसी किती?"

सीटीसी म्हणजे कंपनीच्या हिशेबाने वर्षाचा एकूण पगार. चार वर्षांपूर्वी याच प्रश्नाला मी निमूट उत्तर दिलं होतं आणि आकड्यावर 30 टक्के चढवून त्यांनी मला घेतलं होतं. सहा महिन्यांनी कळलं, की माझ्याच टीममध्ये, माझ्याच कामावर आलेला एक जण माझ्यापेक्षा बराच जास्त पगार घेतोय. तो काही जास्त हुशार नव्हता. त्याचा आधीचा आकडाच मोठा होता, आणि टक्के त्याच्यावर चढले होते. म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतला कमी पगार माझ्या मागे मागे चालत आला होता.

आता माझा सीटीसी होता 9 लाख 20 हजार. त्यातले 80 हजार व्हेरिएबल, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात कोंबलेली. महिन्याला हातात साठ हजारांच्या आसपास. बाजारात याच कामाला 15-16 मिळतात हे मला दोन मैत्रिणींकडून माहीत होतं. 9.2 वर 30 टक्के म्हणजे जेमतेम 12. पुढचा सगळा व्यवहार या 12 भोवती फिरला असता.

थाप मारायचा मोह होतो, नाही असं नाही. पण इथे ती पचत नाही. शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतात, कधी फॉर्म 16, कधी पीएफचं पासबुक. आकडा जुळला नाही तर दिलेली ऑफरही काढून घेतात. त्यामुळे खोटं बोलायचं नाही, फक्त आत्ता बोलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

"या जागेचं बजेट काय आहे?" मी विचारलं.

"ते क्लायंट सांगत नाही मॅडम. तुमच्या करंटवर ठरतं."

"मग माझी अपेक्षा लिहून घ्या. 16 ते 17, फिक्स्ड. बजेटमध्ये बसत नसेल तर आत्ताच सांगा, दोघांचाही वेळ वाचेल. सध्याचा पगार मी ऑफर ठरताना सांगेन, पेस्लिपसकट."

"पण मॅडम, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जातच नाही."

बिचारा खरं बोलत होता. त्यांच्या एक्सेलमध्ये सीसीटीसी म्हणजे सध्याचा सीटीसी, ईसीटीसी म्हणजे अपेक्षित, आणि नोटीस पीरियड हे रकाने असतात, आणि भरलेले नसले तर वरचा माणूस शीट परत पाठवतो. मी म्हटलं, "तिथे 'नंतर कळवणार' लिहा." तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. संपलं, असं मी धरून चालले. त्याच महिन्यात आणखी एका रिक्रूटरने याच उत्तरावर मला सरळ सोडून दिलं होतं. असंही होतं.

गंमत म्हणजे यात कन्सल्टन्सीचं नुकसान नसतं. त्यांचं कमिशन बऱ्याचदा वर्षाच्या सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. माझे चार लाख वाढले तर त्यांना तेहतीस हजार जास्त. पण त्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं. त्याला जागा लवकर भरायची असते, महाग नव्हे.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "मॅडम, बजेट 16 पर्यंत आहे. चालेल?"

दोन टेक्निकल राउंड झाले. दुसऱ्यात मॅनेजरने त्यांच्या रिग्रेशन सूटला, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासणाऱ्या टेस्टना, सहा तास लागतात म्हणून रडगाणं गायलं आणि आम्ही पाऊण तास त्यावरच बोलत बसलो. नंतर एचआरने 16 म्हटलं, मी त्यात फिक्स्ड किती ते विचारलं, 15 ठरले. मग पेस्लिप मागितल्या. त्याच संध्याकाळी पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन. स्वर बदललेला. "तुमचा करंट 9.2 आहे? ही 74 टक्के हाइक होते. आमच्या पॉलिसीत बसत नाही."

"बजेट तुमच्याकडूनच आलं होतं मॅडम, आणि काम तेच आहे," मी म्हटलं. "माझा पगार कळल्यामुळे ते सहा तास कमी झालेले नाहीत."

शेवटचं वाक्य जरा आगाऊ होतं, मान्य. त्या हसल्या नाहीत. मॅनेजरशी बोलते म्हणाल्या. दोन दिवस काहीच नाही. मी रोज मेल उघडून बघायचे. मग पत्र आलं: 15 लाख 50 हजार, त्यातले 14.5 फिक्स्ड. पेस्लिप बघितल्यावर पन्नास हजार कापलेच त्यांनी.

मी सही केली. कन्सल्टन्सीतल्या मुलाने अभिनंदनाचा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, तो सीसीटीसीचा रकाना अजून रिकामा आहे. आता भरू का?"