‘पुलाखाली उभे राहा’ : अंधेरी हायवेवरून कोल्हापूरची रात्रीची गाडी

मुंबईहून कोल्हापूरला रात्रीच्या स्लीपर गाडीने जाण्यात प्रवासाचा भाग सोपा असतो. अवघड असते ते गाडीत पाय ठेवेपर्यंतचे. यावेळच्या प्रवासात अंधेरीच्या हायवेवर पाऊण तास जे पाहिले, त्याने मी अजूनही अस्वस्थ आहे, म्हणून तेवढेच सविस्तर लिहिते आहे.

तिकिटावर चढण्याचे ठिकाण ‘अंधेरी हायवे, ब्रिजखाली’ असे होते आणि वेळ रात्री ९.२० ची. ज्यांना ती जागा माहीत आहे, त्यांना या तीन शब्दांतली अडचण लगेच कळेल. तिथे अंधेरी-कुर्ला रस्ता जमिनीवरून जातो, त्याच्यावरून पश्चिम द्रुतगती मार्गाचा उड्डाणपूल जातो आणि त्याच्याही वरून घाटकोपरची मेट्रो जाते. शेजारी गुंदवली स्थानकाशी दहिसरकडून येणारी दुसरी मेट्रो संपते. एवढ्या गुंत्यात ‘ब्रिजखाली’ म्हणजे कोणत्या पुलाच्या, कोणत्या बाजूला, सिग्नलच्या अलीकडे की पलीकडे, हे तिकीट सांगत नाही. सोबत नकाशावरची खूण येते खरी, पण ती खूण उड्डाणपुलाच्या बरोबर मध्यावर लावलेली होती. नकाशाला वर आणि खाली कळत नाही. त्या खुणेवर भरवसा ठेवणारा रिक्षावाला आपल्याला पूर्वेला सोडेल किंवा पश्चिमेला, आणि दोन्ही वेळा त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असेल.

मी मेट्रोने आले आणि पश्चिमेच्या बाजूला उतरले. तिथे रस्त्याच्या कडेला बरीच गर्दी होती, बॅगा होत्या, दोन-तीन स्लीपर गाड्या उभ्या होत्या. त्या गर्दीत एक वयस्कर जोडपे उभे होते. काकांच्या हातात मोबाइल, काकूंच्या पायाशी एक सुटकेस आणि सुतळीने बांधलेला खोका. काकांनी मलाच विचारले, “ताई, कोल्हापूरची गाडी इथंच लागते ना?”

समोरच्या गाड्यांच्या काचांवर सुरत, अहमदाबाद, राजकोट अशी नावे होती, आणि ते साहजिकच होते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पश्चिम द्रुतगती मार्गावर उत्तरेकडे, म्हणजे बोरिवली-दहिसरकडे जाणारी वाहतूक पश्चिमेच्या अंगाने जाते. गुजरातच्या गाड्या तिथे थांबतात. कोल्हापूर, सातारा, पुणे, गोव्याच्या बहुतेक गाड्या बोरिवलीहून निघून दक्षिणेकडे येतात आणि पुढे चेंबूर, वाशी, कळंबोली करत मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाला लागतात. त्यांना अंधेरीत पकडायचे तर पूर्वेच्या अंगाला उभे राहावे लागते. काका-काकूंना रिक्षावाल्याने ‘बसवाले इथेच असतात’ म्हणून पश्चिमेला सोडले होते.

मी त्यांचा मेसेज पाहिला. गाडी माझीच होती. काकांनी अटेंडंटला आधीच दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा “पुलाखाली उभे राहा, समोरच येतो” एवढेच उत्तर मिळाले होते. दिवसाला पन्नास फोन घेणाऱ्या माणसाची घाई मला समजते. पण ज्याला ‘समोर’ म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला ‘समोरच’ असे सांगून फोन ठेवणे ही सेवा नाही, हे माझे ठाम मत आहे. काकूंचे गुडघे दुखत होते आणि नातवाच्या बारशाला चाललेल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर गाडी चुकण्याची धास्ती स्पष्ट दिसत होती.

आम्ही उड्डाणपुलाखालच्या सिग्नलवरून पलीकडे गेलो. खोका मी घेतला. पूर्वेला पोहोचल्यावर मी स्वतः अटेंडंटला फोन लावला आणि ‘कुठे थांबता’ असे न विचारता, थोडक्यात नेमके उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले.

“गाडी जोगेश्वरीकडून येणार, म्हणजे आमचं तोंड विमानतळाकडे असेल तर गाडी पाठीमागून येईल, बरोबर?”

“बरोबर.”

“तुम्ही पूल चढणार की खालून सिग्नलवर येणार?”

इथे तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, आज खाली ट्रॅफिक आहे, खाली उतरणार नाही. पूल चढायच्या आधीच डावीकडे घेतो. दोन मिनिटं थांबणार.”

पाऊण तासातली ही सर्वांत मोलाची माहिती होती. ‘ब्रिजखाली’ या शब्दावर विसंबून आम्ही खरोखर पुलाखाली उभे राहिलो असतो, तर गाडी आमच्या डोक्यावरून गेली असती आणि आम्हाला ती दिसलीही नसती. पुलाखाली आणि पुलाआधी यांत थोड्याच पावलांचा फरक आहे, पण सामान आणि दुखरे गुडघे घेऊन ते अंतर दोन मिनिटांत कापता येत नाही. ‘आत्ता कुठे आहात, समोर काय दिसते’ हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर गाडी अजून गोरेगावलाच असल्याचे कळले. म्हणजे आम्हाला वेळ होता. आम्ही उत्तरेकडे चालत गेलो आणि जिथे पुलाचा चढ सुरू होतो त्याच्या अलीकडे, दिव्याच्या खांबापाशी उभे राहिलो. पानाच्या टपरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “कोल्हापूरवाले इथेच घेतात, पुढे जाऊ नका.” मोबाइलवरच्या खुणेपेक्षा मला त्याचा शब्द जास्त पक्का वाटला, कारण रोज रात्री त्या गाड्या त्याच्या डोळ्यांसमोर थांबतात.

ही दोन मिनिटांची घाई का असते, हेही सांगायला हवे. एसटीच्या आगारात फलाट असतो, पाटी असते, चौकशीची खिडकी असते. खासगी गाड्यांना तसे काही नाही, आणि याचे मूळ परवान्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन प्रकार आहेत. वाटेत थांबे घेत, वेगवेगळ्या प्रवाशांना वेगवेगळे भाडे आकारून चढवण्या-उतरवण्याची मुभा पहिल्या प्रकाराला आहे. बहुतेक खासगी स्लीपर गाड्या दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर धावतात. आधी ठरलेले प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात मात्र बोरिवलीपासून कळंबोलीपर्यंत प्रत्येक नाक्यावर प्रवासी घेतले जातात. ज्या थांब्याला कायद्याच्या लेखी अस्तित्वच धड नाही, त्याला पाटी कोण लावणार? वाहतूक पोलिसाची शिट्टी वाजली की गाडी चार खांब पुढे जाऊन थांबते, आणि त्या दिवसापुरता थांबाही तिच्याबरोबर पुढे सरकतो. याचा भुर्दंड पडतो तो पैसे मोजून तिकीट काढलेल्या प्रवाशाला, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

गाडीचा माग दाखवणारी लिंक मेसेजमध्ये आली होती. तिच्यावरचा ठिपका गोरेगावात बराच वेळ हलला नाही. तिकिटावरची वेळ ही सुटण्याच्या ठिकाणापासून हिशेबाने काढलेली असते, आणि शुक्रवारी रात्री हायवेवर तो हिशेब टिकत नाही. ठिपक्याने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा चौक ओलांडला, तेव्हा मी काका-काकूंना उठून उभे राहायला सांगितले.

तेवढ्यात त्याच कंपनीची एक गाडी आली. रंग तोच, नाव तेच, काचेवर कोल्हापूर. काकू खोका उचलून पुढे झाल्याच होत्या. सुदैवाने मेसेजमधल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मी पाठ केले होते आणि ते जुळत नव्हते. एकाच कंपनीच्या एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्या थोड्या अंतराने सुटतात आणि प्रत्येकीचा चार्ट वेगळा असतो, त्यामुळे काचेवरचे नाव वाचून चढण्यात धोका आहे. अटेंडंटने चार्टवर टॉर्च मारली आणि “तुमची मागची” म्हणाला. काका म्हणाले, “पण आपली तर नागालँडची गाडी दाखवतेय, ही चूक असणार.” ती चूक नव्हती. कराच्या आणि नोंदणीच्या सोयीसाठी अनेक मालक आपल्या गाड्या दूरच्या राज्यांत नोंदवतात, त्यामुळे कोल्हापूरला जाणारी गाडी एमएच क्रमांकाचीच असेल असे समजून वाट पाहणारा माणूस समोरची गाडी सोडून देऊ शकतो.

आमची गाडी १०.०५ ला आली आणि अगदी सांगितल्याप्रमाणे चढाच्या अलीकडे डावीकडे थांबली. गाडीची पायरी फुटपाथपासून चांगलीच उंच होती. काकूंना मी आणि टपरीवाल्याने दोन्ही बाजूंनी धरून वर चढवले. त्यांचे तिकीट वरच्या बर्थचे निघाले. उभ्या शिडीच्या दोन अरुंद पायऱ्या पाहून त्या तिथेच थांबल्या, तेव्हा खालच्या एकेरी बर्थवरच्या एका तरुणाने काही न बोलता आपली उशी-चादर उचलली आणि तो वर गेला. त्या मुलाबद्दल मला फार आदर वाटला.

त्यानंतरची रात्र झोपेतच गेली. खोपोलीनंतर कुठेतरी चहासाठी गाडी थांबली होती, पण मी उतरले नाही.

सकाळी कावळा नाक्यावर उतरताना काकांनी परतीचे विचारले. त्यांचा मुलगा अंधेरीला घ्यायला येणार होता आणि काका त्याला फोनवर तीच जागा सांगत होते, जिथून आम्ही चढलो होतो. मी त्यांना थांबवले. कोल्हापूरहून येणारी गाडी उत्तरेकडे, बोरिवलीच्या दिशेने जात असेल, म्हणजे ती पश्चिमेच्या अंगाला सोडणार, त्या रात्री त्यांना रिक्षावाल्याने उतरवले होते त्याच बाजूला. काकांनी फोनवर मुलाला ते सांगितले, आणि मग गाडी पूल चढणार की खालून येणार हे ड्रायव्हरलाच विचारून ठेव, असेही बजावले.