आमची वाटचाल: दुपारी आतलं दिसत नाही

२०११ साली कोथरूडमधल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दोन कॉम्प्युटर मांडून मी आणि माझ्या कॉलेजच्या मित्राने सुरुवात केली. काम एकच, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून इमारत बांधून व्हायच्या आधी तिचं चित्र करून द्यायचं. पहिली चार वर्षं बंगले, रो-हाउस आणि सोसायट्यांची गेटं यांतच गेली. त्या कामांत काच म्हणजे खिडकी, आणि खिडकीला पडदा लावला की भागत होतं.

२०१५ मध्ये पहिली ऑफिसची इमारत आली. नऊ मजले, रस्त्याकडची अख्खी बाजू कर्टन वॉल, म्हणजे वरपासून खालपर्यंत काचच. आम्ही दुपारच्या निळ्या आकाशाखाली चित्र केलं आणि काचेआड रिसेप्शन, झुंबर, लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं, सगळं लख्ख दाखवलं. बिल्डर खूश, होर्डिंग लागलं. दोन वर्षांनी इमारत उभी राहिली आणि फोन आला. “अहो साहेब, चित्रात आतलं सगळं दिसत होतं. इथे नुसता काळा आरसा उभा केलाय. बुकिंगवाले विचारतात, काच बदलली का म्हणून.” काच तीच होती. आमचा शेवटचा हप्ता मात्र अडकला तो अडकलाच.

चूक कुठे झाली ते बघायला मी उजेड मोजणारा लक्समीटर आणि कॅमेरा घेऊन साइटवर गेलो. चूक काचेत कमी आणि आमच्या दिव्यांत जास्त होती.

बंद दुकानाच्या काचेतून आत बघायचं तर आपण नाक लावतो आणि दोन्ही हातांचा आडोसा करतो. हात काचेला काहीच करत नाहीत, फक्त मागच्या आकाशाचं प्रतिबिंब अडवतात. इमारतीचंही तेच. काचेवर आपल्याला दोन चित्रं एकावर एक पडलेली दिसतात, बाहेरचं परतून आलेलं आणि आतलं आरपार आलेलं. ज्याचा उजेड जास्त, ते जिंकतं.

त्या इमारतीचे आकडे असे निघाले. काच दुहेरी, म्हणजे डीजीयू, आणि त्यावर सोलर कंट्रोल कोटिंग. डेटाशीटप्रमाणे बाहेरून परावर्तन १८ टक्के, आरपार प्रकाश ४० टक्के. निळ्या आकाशाचा उजळपणा दुपारी साधारण ४,००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर, त्याचे १८ टक्के म्हणजे ७२०. आत टेबलावर ४०० लक्स असले तरी भिंतीवर जेमतेम १५०-२०० पडतात, त्यामुळे भिंतीचा उजळपणा ५० च्या आसपास. काचेतून बाहेर येताना त्याचे २० उरतात. ७२० समोर २०, म्हणजे छत्तीसपट. एवढ्या फरकात झुंबर काय, झुंबराची साखळीही दिसणार नाही. आम्ही मात्र आतले दिवे “चित्रात छान दिसेपर्यंत” वाढवत नेले होते. फाइल उघडून मोजलं तर ते खऱ्यापेक्षा पन्नासपट निघाले.

दुसरी चूक मटेरियलची. काचेसाठी आम्ही एकच पातळ पृष्ठभाग घेऊन आयओआर, म्हणजे काच प्रकाश किती वाकवते तो आकडा, १.५२ टाकला होता. साध्या काचेचा आकडा तोच, पण एका पृष्ठभागावरून समोरून बघताना फक्त ४ टक्के प्रकाश परततो. डीजीयूला चार पृष्ठभाग असतात, कोटिंग नसलं तरी पंधराएक टक्के होतात. आता आम्ही डेटाशीटवरचं परावर्तन R घेऊन उलटं गणित करतो आणि आयओआर n काढतो:

```
n = (1 + √R) / (1 − √R)
R = 0.18  →  n ≈ 2.47
```

असा आयओआर खऱ्या काचेचा नसतो, पण एका पातळ पृष्ठभागाकडून चारांचं काम करून घ्यायला तो चालतो. अट एकच, काच ‘पातळ’ ठेवायची आणि किरण वाकू द्यायचे नाहीत, नाहीतर आतलं सगळं सरकलेलं दिसतं. तिरकं बघताना परावर्तन आपोआप वाढतं. काचेच्या लंबापासून ७५ अंशांवर ते ३३ टक्क्यांच्या घरात जातं. रस्त्याच्या टोकाकडून पाहिलं की इमारत जास्त आरशासारखी दिसते ती यामुळे. अगदी निसटत्या कोनात खरी कोटेड काच थोडी वेगळी वागते, पण चित्रात तो फरक डोळ्याला कळत नाही. आरपारचा रंग ठरवतानाही भान लागतं. १८ टक्के आधीच परतलेत, त्यामुळे ४० हवे असतील तर फिल्टर ०.४० नाही, ०.४९ लागतो. हे आम्ही सहा महिने चुकवलं.

एवढं करून चित्र खरं झालं, पण काच एखाद्या मोबाइलच्या स्क्रीनसारखी सपाट दिसायला लागली. पुन्हा साइट. समोरच्या इमारतीच्या गच्चीची रेषा आमच्या काचेत प्रत्येक पॅनेलच्या सांध्यावर तुटत होती. दीड मीटर रुंदीत पॅनेल दोन मिलीमीटर तिरकं बसलं, तर रस्त्यापलीकडे चाळीस मीटरवरचं प्रतिबिंब दहाएक सेंटिमीटर सरकतं. त्यात डीजीयूमध्ये हवा कोंडलेली असते. समुद्रसपाटीला सील केलेला पॅनेल ५६० मीटर उंचीच्या पुण्यात आणला की बाहेरचा दाब कमी पडतो आणि काच किंचित फुगते. प्रत्येक पॅनेलमधलं झाड थोडं थोडं वेगळं वाकतं. आता आम्ही प्रत्येक पॅनेल सुटा ठेवतो, त्याला किरकोळ तिरकेपणा आणि उशीसारखा फुगवटा देतो. जास्त दिला तर जत्रेतल्या आरशांची खोली होते, आमच्या पोरांनी एकदा केलीच होती.

आतलं दुपारी कधीच दिसत नाही असंही नाही. ज्या बाजूला ऊन पडतं तिथले पांढरे ब्लाइंड आकाशाच्या प्रतिबिंबावर मात करतात, कारण काचेतून आत आलेलं ऊनही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतं. म्हणून खऱ्या इमारतींवर अर्धवट खाली सोडलेल्या ब्लाइंडचा पट्टेरी गोंधळ दिसतो. बिल्डरला तो आवडत नाही, आम्ही थोडा ठेवतोच. तसंच खालच्या मजल्यांच्या काचेत झाडाची गर्द सावलीची बाजू आली तर मागे धूसर खोली दिसते. वरच्या मजल्यांच्या काचेत मात्र फक्त आकाश, कारण वर बघणारी नजर काचेवर आपटून वरच जाते.

ज्यांना आतलं दाखवायचंच असतं त्यांना आम्ही संध्याकाळचं चित्र देतो. सूर्य मावळल्यावर वीसएक मिनिटांनी आकाशाचं प्रतिबिंब आतल्या दिव्यांच्या खाली येतं आणि तेच रिसेप्शन, त्याच खऱ्या दिव्यांत, स्वच्छ उघडं पडतं. कोटेशनमध्ये आता दोन्ही वेळा वेगळ्या ओळीत लिहिलेल्या असतात.

आज आम्ही नऊ जण आहोत, बाणेरला भाड्याचं ऑफिस आहे. भांडणं अजून होतात, पण विषय बदललाय. परवाच एका ग्राहकाच्या मॅनेजरने दुपारचं चित्र पाहून विचारलं, “काचेत समोरची ती जुनी चाळ का आणलीत?” म्हटलं, सर, ती तुमच्या गेटसमोरच आहे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग कॅमेरा जरा वर घ्या.” घेतला. वरच्या मजल्यांवर नुसतं आकाश आलं, आणि पेमेंट तीन दिवसांत.