नोटिशीतले चोवीस फूट

लालबागमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या शटरवर पालिकेची नोटीस लागली ती 2025 च्या पावसाळ्यानंतर. गिरणी चालवणाऱ्या मावशींचा भाचा ती मोबाइलवर फोटो काढून माझ्याकडे घेऊन आला. मी लायसन्स्ड सर्व्हेअर आहे. नकाशे, मोजमापं, दुरुस्तीच्या परवानग्या हे माझं रोजचं काम, आणि त्यात अशा नोटिशींना द्यायच्या उत्तरांचा वाटा मोठा असतो.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. "नोटिशीवर नावच नाही, नुसतं मालक किंवा भोगवटादार लिहिलंय. ही टिकणार नाही ना, साहेब? वकिलाला सांगून कोर्टातून स्टे आणू." मी आधी कलम कुठलं आहे ते बघितलं. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888, कलम 351. तिथे माझा जीव भांड्यात पडला, कारण 354अ असतं तर गणितच वेगळं होतं. 354अ ही चालू कामाला दिलेली थांबवण्याची नोटीस असते. तिच्यात परवानगी दाखवायला 24 तास मिळतात आणि ती दाखवता आली नाही तर पालिका पुन्हा नोटीस न देता काम पाडू शकते. 351 मध्ये बांधकाम झालेलं असतं, आणि ते का पाडू नये याचं लेखी कारण मालकाने दाखवायचं असतं. म्हणजे बोलायला जागा असते.

नाव नसल्याच्या मुद्द्यावर मी भाच्याला थांबवलं. नोटीस शटरवर लागली, तुम्ही ती वाचली, फोटो काढला. मिळालीच नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार? आणि स्टेचं म्हणाल तर अधिनियमात नंतर घातलेल्या कलम 515अ मुळे 351 आणि 354अ च्या नोटिशींना दिवाणी कोर्टात आव्हान देण्याची वाट फार अरुंद झाली आहे. उत्तर न देता थेट कोर्टात गेलं की पहिला प्रश्न हाच येतो की पालिकेला काय सांगितलंत?

नोटिशीत सात दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निर्णयात सांगितलंय की स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांपैकी जी नंतर संपेल ती धरायची. म्हणजे कागदावर आम्हाला पंधरा दिवस होते. तरी मी सातातच उत्तर द्यायचं ठरवलं. हक्काचे जास्तीचे दिवस वादासाठी राखून ठेवावेत, आळसासाठी नव्हे, असं माझं मत.

आता नोटिशीचा खरा मजकूर. "सुमारे 7.30 मी. × 3.65 मी. आकाराचे, विटांच्या भिंती व पत्र्याचे छप्पर असलेले, सुमारे 4.25 मी. उंचीचे, आत पोटमाळा असलेले व्यावसायिक बांधकाम." सोबत हाताने काढलेला चौकोन. मावशी म्हणत होत्या, "अहो, ही गिरणी माझ्या सासऱ्यांची. माझं लग्न झालं तेव्हा होती तश्शी आहे." त्या खोटं बोलत नव्हत्या. पण गिरणी तश्शी नव्हती, हे दारात उभं राहिल्यावर कळत होतं. बहुतेक मालक इथेच घसरतात. "आरोप खोटे व निराधार आहेत, बांधकाम जुने आहे" अशा दोन ओळी लिहून मोकळे होतात. जुन्याला नवं चिकटलेलं असेल तर त्या दोन ओळींत जुन्याचाही बचाव बुडतो.

मी टेप लावली. बाहेरून भिंतींची लांबी वीस फूट, म्हणजे 6.10 मीटर. मग नोटिशीत 7.30 कुठून आलं? पालिकेच्या इंजिनिअरने पुढच्या छपरीच्या कडेपासून मोजलं होतं. शटरपुढे चार फुटांचा ओटा आणि त्यावर पत्र्याची छपरी, तिथे गहू-ज्वारीचे डबे रांगेत. हा ओटा फुटपाथवर होता. मावशींच्या मालकीची जागा शटरच्या रेषेला संपते, प्रॉपर्टी कार्डासोबतच्या नकाशात ते स्वच्छ दिसतं.

ओट्याची गोष्ट बाकीच्या गिरणीपासून तोडावीच लागते. रस्त्यावर, फुटपाथवर केलेलं अतिक्रमण कलम 314 खाली पालिका नोटीस न देताही हटवू शकते. सर्वोच्च न्यायालयाचे ते 2024 चे पंधरा दिवसांचे संरक्षणही रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची किंवा नदी-जलाशयालगतची जागा यांना लागू नाही. म्हणजे त्या चार फुटांसाठी भांडायला काहीच नव्हतं. उलट त्यांच्यामुळे जुन्या नोंदीतला वीस फुटांचा गाळा चोवीस फुटांचा, म्हणजे वाढवलेला दिसत होता. मी मावशींना म्हटलं, "हे आज संध्याकाळीच काढा." त्यांना ते जड गेलं. गिऱ्हाईक उन्हात उभं राहील, डबे कुठे ठेवू? पण भाच्याने माणसं आणली आणि रात्रीपर्यंत छपरी आणि ओटा दोन्ही निघाले. काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मी टेपसकट घेतले. छपरी होती हे आम्ही उत्तरात लपवलं नाही, कारण तिचा फोटो इंजिनिअरकडे असणारच.

राहिला वीस बाय बाराचा गाळा. मुंबईत व्यावसायिक बांधकाम 1 एप्रिल 1962 पूर्वीचं आणि निवासी 17 एप्रिल 1964 पूर्वीचं असल्याचं सिद्ध झालं तर मंजूर नकाशा नसला तरी पालिका ते सहसा तसंच राहू देते. हे अधिकृत झाल्याचं प्रमाणपत्र नव्हे. तेव्हाचा आकार, तेव्हाची उंची, तेव्हाचा वापर, एवढ्यापुरतंच ते चालतं. म्हणून कागद नुसता जुना असून भागत नाही, त्यावर मोजमाप लागतं.

मावशींनी पिशवी उपडी केली. रेशनकार्ड, अलीकडच्या मालमत्ता कराच्या पावत्या, सासऱ्यांच्या नावाची बेस्टची बिलं, गुमास्ता परवाना. कराच्या पावत्यांवर त्यांची फार भिस्त होती. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामावरही पालिका कर घेते. मात्र करनिर्धारण खात्याचा जुना उतारा उपयोगी असतो, कारण त्यात तेव्हा जागेवर काय उभं होतं याचं वर्णन असतं. तो 1961-62 चा निघाला: तळमजला, विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, पिठाची गिरणी. तारीख भक्कम झाली. आकार मात्र नव्हता.

आकार मिळाला तो गिरणी असल्यामुळे. विजेच्या मोटरवर यंत्र चालवायचं तर पालिकेची कलम 390 ची परवानगी लागते. मी मावशींना विचारलं, मोटर बसवताना सासऱ्यांनी काही नकाशा काढला होता का? लोखंडी पेटीच्या तळाशी तो सापडला, 1960 चा, घडीवर फाटलेला. त्यात जातं, मोटर, पट्टा, वीस बाय बारा फुटांचा गाळा, आणि बाजूला छेदचित्रात भिंतीची उंची साडेदहा फूट.

साडेदहा. आज भिंत चौदा फूट होती.

भाचा म्हणाला, "मग हा नकाशा नको लावायला." मी आतल्या भिंतीचं प्लास्टर एका जागी खरवडून बघितलं. साडेदहा फुटांपर्यंत चुन्यात बांधलेली जुनी वीट, त्यावर सिमेंटचे ब्लॉक. सांध्याखाली जुन्या लाकडी तुळयांच्या खाचा, विटांचे तुकडे घालून बुजवलेल्या. तो सांधा सुनावणीआधीच्या पाहणीत कुणालाही दिसला असता. आणि तोच सांधा खालची भिंत जुनी असल्याचा सर्वांत चांगला पुरावा होता. नकाशा लपवला असता तर साडेदहा फूटही हातचे गेले असते. मावशींनी मग सांगितलं की काही वर्षांपूर्वी पावसात कौलं कोसळली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, भिंत थोडी चढवून पत्रे टाकू, वर पोटमाळाही होईल.

मिस्त्रीच्या लेखी ही दुरुस्ती. कायद्यात नाही. प्लास्टर, रंग, फरशी, नळ-पाइप, विजेची जोडणी, त्याच साहित्याचं छप्पर बदलणं, यांना परवानगी लागत नाही. लांबी-रुंदी-उंची बदलली, पोटमाळा घातला किंवा कौलांच्या जागी वेगळं साहित्य आलं, की ती दुरुस्ती राहत नाही.

उत्तर आम्ही पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे अशा नोटिशींवर आदेश देणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्याला उद्देशून, मावशींच्या सहीने दिलं. नोटिशीतल्या वर्णनाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं. पुढचे 1.20 मीटर काढून टाकले, फोटो जोडले. 6.10 बाय 3.65 मीटरचा गाळा 3.20 मीटर उंचीपर्यंत 1 एप्रिल 1962 पूर्वीचा, पुरावा म्हणून उतारा, कलम 390 चा नकाशा आणि भिंतीच्या सांध्याचे फोटो. त्यावरची वाढीव उंची आणि पोटमाळा आम्ही स्वतः उतरवू, त्यासाठी वेळ द्यावा. पत्र्याच्या छपरासाठी परवानगीचा अर्ज वेगळा करत आहोत. आणि शेवटी, समक्ष सुनावणी मिळावी. सगळ्या कागदांना पानांचे क्रमांक घातले, दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का व क्रमांक घेतला. हा शिक्का नसेल तर उत्तर दिलंच नाही असं धरलं जातं, मग साहेबांच्या हातात दिलेलं असो नाहीतर टेबलावर ठेवलेलं.

सुनावणीला मावशी स्वतः आल्या. अधिकाऱ्यांनी 1960 चा नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग उंची वाढवली हे मान्य आहे तुम्हाला?" मावशी म्हणाल्या, "हो साहेब, पण खालचं माझ्या सासऱ्यांचं आहे." भाच्याने डोक्याला हात लावला. मला विचाराल तर त्या दिवशी आमच्या बाजूचं याहून चांगलं वाक्य कुणी बोललं नाही. 2024 च्या त्या निर्णयात असंही आहे की आदेश कारणांसह हवा, आणि बांधकामाचा काही भागच नियमात न बसणारा असेल तर पाडणं हाच एक उपाय का, हे लिहायला हवं. आम्ही उत्तरात भाग वेगळे करून दिल्यामुळे अधिकाऱ्यांना तसा आदेश लिहिणं सोपं गेलं.

आदेश आला तो असा: 3.20 मीटर उंचीपर्यंतच्या भिंतींवर कारवाई नाही. त्यावरचं बांधकाम आणि पोटमाळा 15 दिवसांत स्वतः काढावा, नाहीतर पालिका काढून खर्च वसूल करेल. मावशींनी मुदतीत ब्लॉक उतरवले. भिंत खाली आली तशी पोटमाळ्यावरची पोती घरी न्यावी लागली आणि एक जातं विकावं लागलं, कारण त्याच्या धान्य ओतायच्या हॉपरला आता वर जागा पुरत नव्हती. काम संपल्यावर मी पुन्हा मोजून, फोटो लावून पूर्ततेचं पत्र दिलं आणि त्यावरही शिक्का घेतला. पत्र्यांच्या अर्जावर पालिकेने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागितलाय, तो या आठवड्यात जोडतोय.