टॅली नेहमीच जुळते

तालुक्याच्या गावातलं रंग आणि हार्डवेअरचं दुकान डोळ्यांपुढे आणा. विक्रीची बिलं काउंटरवरच निघतात, त्यामुळे तिकडे फारशी अडचण नसते. अडचण असते गल्ल्याखालच्या खणात. महिन्याला चाळीसेक खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, हमालीच्या चिठ्ठ्या, विजेचं बिल आणि कुणाची तरी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेली उधारी, सगळं तिथे सुखाने नांदत असतं. वीस तारीख जवळ आली की तो खण सीएच्या ऑफिसात पिशवीतून जातो, आणि तिथून फोनवर प्रश्न यायला लागतात. हे दोन-तीनदा झालं की मालक म्हणतो, ‘आता एक पार्टटाइम अकाउंटंट बघायला पाहिजे.’

बघायला गेलं तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणजे दिवसा सीएकडे काम करून संध्याकाळी चार-पाच दुकानं धरणारा तरुण. त्याला जीएसटीचं पोर्टल तोंडपाठ असतं, पण अकरा आणि वीस तारखेच्या आसपास तो कुणाचाच नसतो. दुसरे म्हणजे पतसंस्थेतून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेले काका. त्यांची जमा-नावे पक्की, अक्षर सुंदर, बँक जुळवल्याशिवाय घरी न जाणारे. मात्र पोर्टलवर ओटीपी आला की चष्मा शोधतात. दोघांपैकी कुणीही चालतो. पगार ठरवण्याआधी एक परीक्षा घ्यावी: मागच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचे व्यवहार हातात देऊन बँक जुळवून मागावी. दोन तासांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे द्यावेत. ‘अनुभव किती’ या प्रश्नाला सगळेच दहा वर्षं म्हणतात.

एवढ्या दुकानाला आठवड्यातून दोन अर्धे दिवस पुरतात. मात्र ते कुठले, हे जीएसटीच्या तारखा ठरवतात. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावं लागतं. तुमच्या व्यापाऱ्यांनी तुमच्या नावावर काय काय दाखवलंय, ते सांगणारं टू-बी १४ तारखेला तयार होतं, आणि कर भरण्याचं थ्री-बी २० तारखेला. म्हणजे ७-८ तारखेला एक बैठक विक्री तपासायला आणि १५-१६ला एक खरेदी जुळवायला, एवढं आधीच ठरलेलं हवं. १९ तारखेच्या रात्री नऊ वाजता येणारा माणूस काहीच जुळवत नाही, फक्त भरतो.

आता त्याला द्यायचं काय? लिहिण्याचं काम सगळं द्यावं. खरेदी-खर्चाच्या नोंदी, बँकेची जुळवणी, टू-बीशी मेळ, उधारीची यादी, सीएला द्यायची माहिती, हे सगळं त्याचं. पैसे हलवण्याचं काम मात्र एक रुपयाचंही देऊ नये. चेकवर सही, नेट बँकिंगचा पासवर्ड, क्यूआर कोडला जोडलेला फोन, गिऱ्हाइकाकडून रोख घेणं, हे मालकाकडे किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे राहावं. यात अकाउंटंटच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पैसे घेणारा आणि लिहिणारा एकच असला, तर चूक झाली काय आणि लबाडी झाली काय, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मग उगाचच भल्या माणसावर आळ येतो.

जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल मालकाचाच असावा. नोंदणी करताना ‘माझाच टाकतो साहेब, तुम्हाला त्रास नको’ असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्रास तेव्हा वाचतो. तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला, की ओटीपीही पुण्याला जातो. हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला जातो त्या टॅलीत त्याचं वेगळं युजरनेम करावं आणि मालकाचं आपल्याकडे ठेवावं. मागच्या तारखांच्या नोंदी किती मागेपर्यंत करू द्यायच्या, तेही टॅलीत बांधून देता येतं. रिटर्न भरून झालेला महिना बंद करावा, नाहीतर जुलैचे आकडे ऑक्टोबरात गुपचूप बदलतात आणि कुणालाच आठवत नाही का ते. डेटा दुकानाच्या कॉम्प्युटरवरच हवा. तो त्याच्या लॅपटॉपवर असेल, तर हिशेब तुमचा असला तरी वही त्याची झाली.

खरी मेख तपासणीत आहे. मालक विचारतो, ‘काय, टॅली जुळलं का?’ उत्तर येतं, ‘जुळलं साहेब.’ दोघेही खरं बोलतात आणि त्यातून काहीच कळत नाही. टॅलीत प्रत्येक नोंदीला जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय ती सेव्हच होत नाही. सहा हजारांचे साठ हजार लिहा, दोन्ही बाजूंना साठ हजार लागतील आणि तेरीज झक्कास जुळेल. एखादं बिल लिहिलंच नाही, तरीही जुळेल. म्हणून तपासणी टॅलीच्या बाहेरच्या कागदाशी करावी लागते. तो कागद असा हवा, की ज्याच्यावर तुमच्या अकाउंटंटचा हात चालत नाही.

असा पहिला कागद म्हणजे बँक स्टेटमेंट. ते मालकाने स्वतः डाउनलोड करून द्यावं. समजा ३१ ऑगस्टला टॅलीत बँकेची शिल्लक ३,१८,४०० दिसते आणि स्टेटमेंटवर २,९६,१५०. फरक २२,२५०. अकाउंटंटने आकडा नुसता सांगू नये, फरकाची यादी द्यावी. व्यापाऱ्याला दिलेला १५,००० चा चेक अजून वटलेला नाही, तेवढे बँकेत जास्त आहेत. कंत्राटदाराचा भरलेला १८,५०० चा चेक अजून जमा व्हायचाय. क्यूआरवर ३१ तारखेला आलेले १२,४०० बँकेने १ सप्टेंबरला जमा केले. बँकेने ५९० रुपये चार्जेस कापले, त्यांची नोंद राहिलीय. टॅलीच्या शिलकेत १५,००० मिळवा आणि बाकीचे तीन आकडे वजा करा, ३,०१,९१० येतात. बँक म्हणते २,९६,१५०. म्हणजे ५,७६० रुपये अजून कुठेतरी आहेत.

इथे माणसाची पारख होते. घाईतला अकाउंटंट ५,७६० रुपये ‘सस्पेन्स’ किंवा ‘किरकोळ खर्च’ नावाच्या खात्यात टाकून मोकळा होतो आणि बँक जुळते. जाणता माणूस आधी ५,७६० ला नवाने भागून बघतो. ६४० येतात, बाकी शून्य. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, की दोन शंका घ्याव्यात: शेजारचे दोन अंक उलटे पडलेत (४,७३० चे ४,३७०), नाहीतर एखादं शून्य गळलंय किंवा वाढलंय. इथे भागाकारानेच उत्तर सांगितलं. ब्रशच्या व्यापाऱ्याला बँकेतून गेलेले ६,४०० टॅलीत ६४० लिहिले गेले होते. ती नोंद सापडली नसती, तर त्या व्यापाऱ्याच्या खात्यावर ५,७६० देणं दिसत राहिलं असतं, आणि दिवाळीआधी कुणीतरी ते इमानदारीने पुन्हा चुकतं केलं असतं. नवाचा नियम प्रत्येक चूक पकडत नाही. आख्खी नोंदच राहिली असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि योगायोगानेही कधी नवाने भाग जातो. पण शोध कुठून सुरू करायचा, ते तो सांगतो.

म्हणून दर महिन्याला सस्पेन्सचं खातं उघडून बघावं. ते रिकामं असावं, किंवा त्यात असेल त्या रकमेचं कारण एका वाक्यात सांगता यावं. त्याच बैठकीत रोख खात्याची रोजची शिल्लक खाली सरकवत न्यावी. कुठल्याही दिवशी ती उणे दिसली, तर काहीतरी चुकलंय यात वाद नाही. गल्ल्यात नऊ हजार असताना त्यातून चौदा हजार हमाली देता येत नाही. बहुधा बँकेतून काढलेल्या रकमेची तारीख पुढे गेलेली असते, नाहीतर रोखीची विक्री लिहायची राहिलेली असते. तारीख सरकवून उणे घालवणं सोपं आहे, म्हणून कारण विचारावं आणि कागद मागावा.

दुसरा बाहेरचा कागद म्हणजे टू-बी. त्याची आपल्या खरेदीशी जुळवणी झाली, की बिलांचे तीन ढीग होतात. दोन्हीकडे असलेली बिलं बाजूला ठेवावीत. आपल्याकडे आहे पण टू-बीत नाही, असं ४२,००० चं रंगाचं बिल निघालं, तर त्यावरच्या १८ टक्क्यांचे ७,५६० या महिन्यात वजा घेता येत नाहीत. व्यापाऱ्याने रिटर्न भरलं नसेल, तो तिमाही भरणारा असेल किंवा त्याने तुमचा जीएसटी नंबर चुकवला असेल. त्याला फोन करायचं काम अकाउंटंटचं, पण फोन झाला की नाही हे यादीत तारखेसह लिहिलेलं हवं. टू-बीत आहे आणि आपल्याकडे नाही, हा तिसरा ढीग लोक सोडून देतात, आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. ते बिल टेम्पोवाल्याच्या खिशात राहिलं असेल, माल दुसऱ्याच दुकानात उतरला असेल, किंवा कुणीतरी तुमच्या नंबरावर भलतंच बिल फाडलं असेल.

उरते नमुना तपासणी. तिला महिन्याला अर्धा तास पुरतो. फाइलमधली कुठलीही पाच बिलं काढून ती टॅलीत शोधावीत, त्याने राहिलेली नोंद सापडते. मग टॅलीतल्या कुठल्याही पाच नोंदी काढून त्यांचे कागद मागावेत, त्याने बिनबुडाची नोंद सापडते. बरेच जण पहिलंच करतात. खोटा खर्च त्यात कधीच सापडत नाही, कारण त्याला कागदच नसतो. पाच उधारवाल्यांना त्यांची बाकी मालकाने आपल्या फोनवरून कळवावी. ‘अहो, मी तर गणपतीतच दिले की’ असं उत्तर आलं, तर त्या पैशाचा माग त्याच दिवशी काढावा. तो मालकाच्याच पाकिटात निघण्याची शक्यताही कमी नसते. गल्ल्यातून काढून न लिहिण्यात मालकाचा हात धरणारा कुणी नाही.

पहिले तीन महिने हे सगळं दर महिन्याला करावं. नमुने पाचाचे दोनवर आणायला नंतर हरकत नाही, पण बँक आणि टू-बीला सूट नाही. ३१ मार्चचा माल मात्र मालकानेच रॅकसमोर उभं राहून मोजावा. तो आकडा अकाउंटंटला ‘अंदाजे टाका’ म्हणून सांगितला, तर नफाही अंदाजेच निघतो, आणि कर भरावा लागतो तो त्याच्यावरच.