बाबांचा विसर, मावशीचा विसर

मागच्या वर्षी बाबा विसरायला लागले तेव्हा आईने डॉक्टरांच्या आधीच निदान करून टाकलं. "झालं, ताईसारखंच." ताई म्हणजे माझी मोठी मावशी. पंचवटीत राहायची, अल्झायमरने नऊ वर्षं आजारी होती आणि चार वर्षांपूर्वी गेली. तिचं सगळं आम्ही जवळून केलेलं, त्यामुळे विसर म्हणजे अल्झायमर हे आमच्या घरात पक्कं बसलं होतं. या समजुतीपायी आमचे पाच महिने गेले. ज्यांच्या घरी आत्ता असंच काही सुरू असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

बाबा 74 वर्षांचे. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, नाशिकरोडला राहतात. बीपी वीस वर्षांपासून, आणि गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून अधूनमधून सोडून द्यायची सवय. ही सवय आम्हाला माहीत होती आणि आम्ही ती चालवून घेतली, हे आधीच सांगते.

घराजवळच्या एका डॉक्टरांनी डिसेंबरात सीटी स्कॅन करून घेतला. रिपोर्टवर वयानुसार बदल असं होतं. त्यांनी स्मरणशक्तीची म्हणून डोनेपेझिल सुरू केली. विसरण्यात फरक पडला नाही, पण बाबांना चक्कर यायला लागली आणि नाडी मिनिटाला 50 च्या आसपास उतरली. या गोळीने नाडी मंदावू शकते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. होळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवताना बाबांच्या डाव्या हातातून वाटी निसटली आणि ओठाची डावी कड जरा उतरल्यासारखी दिसली. "झोपले की बरं वाटेल," असं आम्हीच म्हटलं. सकाळी ओठ सरळ झाला होता. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं.

एप्रिलमध्ये मैत्रिणीच्या सांगण्यावरून गंगापूर रोडला एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. मी, आई आणि बाबा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून?"

"दीडेक वर्ष असेल, हळूहळू वाढत गेलं," मी म्हणाले. मावशीच्या वेळी पाठ झालेलं वाक्य होतं ते.

"हळूहळू नको, दिवस सांगा. शेवटचं नीट काय केलं होतं आणि ते कधी बंद झालं?"

मला सांगता येईना. मग आई एकदम म्हणाली, "कालनिर्णय बघायला लागेल."

स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब बाबाच लिहायचे. रोजच्या चौकोनात एका कोपऱ्यात 1 लि., जादा घेतलं तर दीड, आणि महिनाअखेर बेरीज. नोटप्रेसमधला माणूस, आकडे एका रेषेत. त्या रात्री मी जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅलेंडरं काढली आणि पानं उलटत बसले. दिवाळीपर्यंत अक्षर छापल्यासारखं. दिवाळीनंतरच्या गुरुवारी चौकोन रिकामा, शुक्रवारीही. शनिवारपासून नोंद पुन्हा सुरू झाली, पण अक्षर बारीक आणि वाकडं, आणि महिन्याची बेरीज चुकलेली. तिथून पुढे साडेतीन-चार महिने सगळं तसंच, ना बरं ना वाईट. आणि होळीच्या आदल्या आठवड्यात, वाटी निसटली त्या दिवसापासून, एकही नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या पानांचे फोटो दाखवले. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला असंच काहीतरी हवं होतं. ही उतरण नाही, या पायऱ्या आहेत."

मावशीच्या आजारात असा एकही दिवस बोट ठेवून दाखवता आला नसता. तिचं कधी सुरू झालं हे आम्हाला आजही माहीत नाही. तीच गोष्ट पुन्हा सांगते आहे असं जाणवलं, तेव्हा ती बहुतेक दोनेक वर्षं तसं करत होती. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे चट्टे साठतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं हे गुपचूप चाललेलं असतं. गुंत्याची झळ आधी लागते ती कानाच्या पातळीला, आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसला आणि त्याच्या लगतच्या भागाला. नवी आठवण पक्की होते ती याच भागात.

बाबांचं कारण वेगळं निघालं. वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या बीपीने मेंदूत खोलवर जाणाऱ्या केसासारख्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होतात. एखादी बंद पडली की तिच्यावर जगणारा जेमतेम 15 मिलिमीटरपर्यंतचा तुकडा मरतो. तो दिवस म्हणजे एक पायरी. पुढची वाहिनी बंद पडेपर्यंत माणूस त्याच पायरीवर राहतो. कधीकधी थोडा वरही येतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं, सुधारले.

मग मॅडमनी बाबांना पाच शब्द सांगितले: गुलाब, हत्ती, चादर, नदी, पिवळा. दोनदा म्हणून घेतले. मधल्या वेळात घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकीत बाबांना भयंकर वेळ लागला. घड्याळाचे आकडे सगळे एकाच बाजूला गोळा झाले. पाच-सात मिनिटांनी शब्द विचारले तर बाबांना एकच आठवला, हत्ती. माझ्या पोटात गोळा आला, कारण मावशीचंही अगदी असंच झालं होतं.

पण मॅडम थांबल्या नाहीत. "एक फूल होतं, काका." बाबा लगेच म्हणाले, "गुलाब." "एक रंग होता." "पिवळा." "अंथरुणातलं काहीतरी." जरा थांबून, "चादर." नदी मात्र आली नाही. मग त्यांनी डोंगर, नदी, समुद्र असे तीन शब्द म्हटले, तेव्हा बाबांनी नदी बरोबर उचलली. "काकांची आठवण आत गेलेली आहे, ती बाहेर काढताना अडकते," असं त्यांनी आईला सांगितलं.

मावशीच्या वेळी मी शेजारीच बसले होते. "फूल होतं" असं सांगितल्यावर ती "मोगरा" म्हणाली, जो शब्द यादीत नव्हताच. आणि पुढे, "तुम्ही मला शब्द कधी सांगितले?" तिच्यात ते शब्द उरलेच नव्हते, त्यामुळे खुणेचा काही उपयोग नव्हता.

घरी आल्यावर मला चहा आठवला. आजारपणाच्या पहिल्या वर्षांत मावशी चहा फक्कड करायची, आलं ठेचून. फक्त केला हे विसरायची. कप समोर असताना विचारायची, "चहा टाकू का ग?" बाबांचं उलट. चहा प्यायलेला त्यांना आठवतो, दुपारी कोण आलं होतं तेही आठवतं. पण ओट्याशी उभे राहिले की पाणी उकळत असतं आणि हातात पावडरचा डबा घेऊन ते तसेच थांबतात. पुढे काय, ते सुचत नाही. "बाबा, पावडर टाका," म्हटलं की बाकीचा चहा व्यवस्थित होतो. मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडणाऱ्या तारा खोलवर तुटल्या की कामाची आखणी आणि वेग आधी जातो, असं मॅडमनी समजावलं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे छोटे छोटे पडणं आणि साध्या गोष्टीला डोळे भरून येणंही त्यातलंच. मावशीची चाल शेवटची दोन वर्षं सोडली तर ठणठणीत होती. गंगेवर जायची तशीच भराभर, आणि परतीची वाट विसरायची.

मॅडमनी एक जुना हिशेबही करून दाखवला. हाचिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी 1975 मध्ये मांडलेली ती गुणपद्धत. अचानक सुरुवातीचे 2, पायऱ्यांचा 1, बीपीचा 1, लगेच रडू येण्याचा 1, पक्षाघाताच्या झटक्याचे 2, डाव्या हाताच्या तक्रारीचे 2 आणि तपासताना तिथे सापडलेल्या कमजोरीचे 2. बाबांचे 11 झाले. 7 किंवा जास्त असतील तर रक्तवाहिन्यांकडे बोट जातं, 4 किंवा कमी असतील तर अल्झायमरकडे. "पण यावर निदान करत नाहीत," त्या म्हणाल्या, "कारण दोन्ही आजार एकत्र असलेले पेशंट खूप असतात आणि तिथे हे गुण फसवतात."

एमआरआयवर सीटीत न दिसलेलं दिसलं. उजव्या बाजूला खोल, थॅलॅमसच्या कडेला एक छोटी जुनी पोकळी, दुसरी जरा पुढे, आणि आतल्या पांढऱ्या भागात पसरलेले डाग. हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने बरा. मावशीच्या फिल्मवर तोच भाग दोन्हीकडे सुकलेला होता. मी डाग बघून घाबरले, तेव्हा मॅडमनी सांगितलं की बीपीच्या अनेक म्हाताऱ्यांत थोडे डाग असतात आणि त्यांची स्मृती चांगली असते. डाग, तारखा आणि चाचणी या तिन्हींचा मेळ बसला म्हणून त्या व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे रक्तवाहिन्या बंद पडून येणारा विसर, म्हणत होत्या. बी-12 आणि थायरॉइडही तपासून घेतलं, तिथे काही नव्हतं. डोनेपेझिल बंद झाली, आणि चक्कर थांबली.

त्या संध्याकाळची वाटी मला अजून टोचते. तो स्ट्रोक होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आम्ही रात्रभर झोपू दिलं. आता मोठ्या हॉस्पिटलचा नंबर फ्रिजवर लावलाय.

आता उपचार म्हणजे मुख्यतः पुढची पायरी टाळणं. बीपीच्या गोळ्या आई स्वतः देते आणि सकाळ-संध्याकाळ आकडे मी वहीत लिहिते. आधी वरचा आकडा 160 च्या खाली यायचा नाही, आता बहुतेक दिवस 130 च्या आसपास असतो. रक्ताच्या गुठळीविरुद्धची गोळी मॅडमनी तपासणी करून सुरू केली. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे 24 तासांच्या ईसीजीवर पाहिलं. गेलेलं परत येणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. सात महिने झाले, बाबा त्याच पायरीवर आहेत.

मावशीसाठी आम्ही घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. एकही चालली नाही, कारण चिठ्ठी बघायची हेच तिच्या लक्षात राहायचं नाही. म्हणून बाबांसाठी लावायला माझं मन होईना. शेवटी मीच गॅसच्या वर एक कागद चिकटवला: पाणी, साखर, पावडर, दूध, गॅस बंद. काल दुपारी बाबा डबा हातात घेऊन थांबले, वर बघितलं, तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं आणि पावडर टाकली.