काजूच्या थकलेल्या पैशांसाठी पणन मंडळाला अर्ज: माझा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या आमच्या काकांनी २०२४ च्या हंगामात काजू बी एका व्यापाऱ्याला घातली आणि निम्म्याहून जास्त पैसे अडकले. अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. तो कसा लिहिला आणि पुढे कुठे काय अडलं, ते सविस्तर देतो. काजूऐवजी सुपारी किंवा नारळ असला तरी कागद जवळजवळ हेच लागतात.

पहिला प्रश्न अर्ज कोणाला करायचा हा. महाराष्ट्रात बाजार समित्या वेगवेगळ्या असतात. गोव्यात मात्र सगळ्या राज्यासाठी एकच गोवा कृषी उत्पन्न व पशुधन पणन मंडळ आहे आणि त्याचं मुख्य कार्यालय मडगावजवळ आर्ले-राय येथे आहे. लोक ‘बाजार समिती’ म्हणतात ते हेच. अर्ज मंडळाच्या सचिवांच्या नावे करायचा. इंटरनेटवर मिळणारे मराठी नमुने बहुतेक महाराष्ट्रातले असतात आणि त्यात १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याची कलमं असतात. गोव्याला स्वतःचा २००७ चा कृषी उत्पन्न पणन (विकास व नियमन) कायदा आहे. तिकडची कलमं इकडे उतरवली की समोरच्याला अर्ज चुकीच्या कायद्याखाली आहे असं म्हणायला जागा मिळते. म्हणून मी कायद्याचं नाव आणि वर्ष लिहिलं, कलमाचा आकडा घातलाच नाही. तक्रारीतली हकीकत पक्की असली तर कलम लावणं हे कार्यालयाचं काम.

भाषेची काळजी नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार सरकारी कामात मराठी चालते. फक्त व्यापाऱ्याचं नाव आणि पेढीचं नाव बिलावर किंवा पाटीवर जसं छापलंय तसंच, स्पेलिंगसकट, एकदा लिहावं. देवनागरीत एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि परवान्याच्या नोंदवहीत शोधणाऱ्याची फसगत होते.

खरी गोम पुढे आहे. बागेत येऊन बी वजन करून नेणारा माणूस पुष्कळदा व्यापारी नसतोच, व्यापाऱ्याचा हस्तक असतो. काकांचा सगळा व्यवहार अशाच एकाशी झाला होता, पण बँकेत आलेले पैसे पेढीच्या खात्यातून आले होते. त्या एका नोंदीमुळे पेढीचा संबंध सिद्ध झाला. तक्रार हस्तकाविरुद्ध केली असती तर मंडळाला काही करणं कठीण होतं, कारण मंडळाचा जोर परवान्यावर चालतो आणि परवाना पेढीचा असतो. म्हणून अर्जात ‘अमुक पेढीसाठी अमुक व्यक्तीने माल उचलला’ असं लिहिलं. पेढीकडे परवाना आहे का, याची चौकशी अर्जाआधीच मंडळाच्या कार्यालयात करून घेतली. परवानाच नसेल तर तक्रारीचा विषय ‘विनापरवाना खरेदी’ असा होतो आणि पैशांच्या वसुलीसाठी बहुधा दिवाणी मार्गच उरतो.

आता हिशेब. अर्ज याच्यावर उभा राहतो किंवा पडतो. काकांकडे पक्कं बिल एकही नव्हतं. वहीच्या कागदावरच्या तीन चिठ्ठ्या होत्या, त्यांवर वजन, दर आणि हस्तकाची सही. त्यावरून मांडणी अशी झाली:

१८ मार्च: ४१२ किलो, दर ११५ रुपये, ४७,३८० रुपये
२ एप्रिल: ५३६ किलो, दर ११२ रुपये, ६०,०३२ रुपये
२० एप्रिल: ३८८ किलो, दर ११० रुपये, ४२,६८० रुपये
एकूण १,३३६ किलो, १,५०,०९२ रुपये

यातून वजा: फेब्रुवारीत घेतलेली उचल १०,०००, ६ एप्रिलला खात्यात आलेले ४०,००० आणि ५ मेला हातात मिळालेले २०,०००. शिल्लक ८०,०९२ रुपये.

उचल आणि रोख रक्कम दाखवावी की नको यावर घरात वाद झाला. रोख रकमेची पावती नव्हती, तेव्हा ती कशाला कबूल करायची, असं एकाचं म्हणणं. पण व्यापाऱ्याचं पहिलं उत्तर नेमकं हेच असतं की यांनी उचल घेतली आहे आणि ती लपवली आहे. तेवढं एक खरं निघालं की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. उलट मिळालेली प्रत्येक रक्कम तुम्हीच दाखवलीत की वाद फक्त शिल्लक रकमेपुरता उरतो आणि सुनावणीत ‘हिशेब बघतो’ म्हणून पुढची तारीख मागता येत नाही. व्याजाची मागणी करायची तर वेगळ्या ओळीत करावी, मूळ रकमेत मिसळू नये. मिसळली की ८०,०९२ हा आकडा चिठ्ठ्यांशी जुळत नाही.

अर्जाचा मुख्य भाग असा होता:

‘विषय: विकलेल्या काजू बीचे रु. ८०,०९२ न मिळाल्याबाबत.

महोदय, मी सत्तरी तालुक्यातील काजू बागायतदार असून वरील पेढीसाठी श्री. (नाव) यांनी माझ्या बागेतून सोबतच्या तक्त्याप्रमाणे १,३३६ किलो काजू बी नेली. मालाच्या प्रतीबद्दल वजनाच्या वेळी वा नंतर लेखी हरकत घेतलेली नाही. मिळालेल्या सर्व रकमा वजा जाता रु. ८०,०९२ येणे आहे. १० जून रोजी लेखी मागणी करूनही रक्कम मिळालेली नाही.

विनंती की, (१) दोन्ही पक्षांना बोलावून सुनावणी घ्यावी. (२) या तीन खरेद्यांची नोंद पेढीच्या खरेदी हिशेबात आहे का व त्यावर बाजार शुल्क भरले आहे का, हे तपासावे. (३) रक्कम न दिल्यास परवान्याबाबत कायद्याप्रमाणे कारवाई करावी. (४) निर्णय मला लेखी कळवावा.’

यातली दुसरी विनंती माझ्या मते सगळ्यात कामाची. शेतकऱ्याचे पैसे हा मंडळाच्या दृष्टीने दोघांमधला वाद. पण बाजार शुल्क खरेदीदाराने मंडळाला द्यायचं असतं, त्यामुळे नोंद न केलेली खरेदी हा थेट मंडळाचा विषय होतो. पेढीने खरेदी दाखवली असेल तर माल घेतल्याची कबुली तिच्याच हिशेबात मिळाली. दाखवली नसेल तर शुल्क चुकवल्याचा प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडून व्यापाऱ्याला ‘माल घेतलाच नाही’ असं म्हणणं महाग पडतं.

सोबत चिठ्ठ्यांच्या प्रती, पासबुकाचं पान, कृषी कार्डाची प्रत, मागणीपत्र आणि ते पोचल्याचा पुरावा जोडला. मूळ चिठ्ठी कोणालाही द्यायची नाही, सुनावणीत दाखवायची आणि परत खिशात. व्हॉट्सॲपवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे संदेश होते, त्यांची छायाचित्रं तारीख आणि नंबर दिसेल अशी छापून घेतली. फोन बदलला तरी जुना जपून ठेवायला सांगितलं, कारण प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. क्रमांकाशिवाय नंतर चौकशी करणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

सुनावणीत पेढीकडून हरकत आली की शेवटच्या मालात ओल होती, दोन टक्के तूट धरायला हवी. बी नीट वाळली नसेल तर वजन घटतं हे खरंच आहे, पण ती हरकत वजनकाट्याजवळ घ्यायची असते, महिन्यांनंतर नाही. तरी हिशेब केला: ३८८ किलोचे दोन टक्के म्हणजे ७.७६ किलो, ११० च्या दराने ८५३ रुपये ६० पैसे. एवढ्यासाठी आणखी एक तारीख घेण्यात अर्थ नव्हता. काकांनी ते सोडले. मात्र आधी बाकीची ७९,२३८ रुपयांची रक्कम मान्य असल्याचं लेखी निवेदन पेढीच्या मालकाच्या सहीने नोंदवून घेतलं.

हा कागद नुसत्या समजुतीपेक्षा मोठा आहे. मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत, उधारीची तारीख ठरलेली नसेल तर, माल दिल्यापासून तीन वर्षं असते. मंडळाकडे अर्ज पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. मुदत संपण्याआधी सही करून दिलेली लेखी कबुली असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. तोंडी कबुलीचा इथे काही उपयोग नाही.

पैसे दोन धनादेशांनी ठरले, ४०,००० आणि ३९,२३८. धनादेश घेताना तारीख बघावी, कारण त्या तारखेपासून तीन महिन्यांतच तो बँकेत टाकता येतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून व्यापाऱ्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. या मुदती कडक आहेत. ‘मंडळात प्रकरण चालू आहे, बघू’ म्हणत बसलं की ३० दिवस सहज निघून जातात.

मंडळाकडून काहीच निष्पन्न झालं नसतं तर तालुका विधी सेवा समितीकडे दाव्यापूर्वीच्या तडजोडीसाठी जायचं ठरलं होतं. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि त्यावर अपील नसतं. अर्जाचं पुढे काय झालं हे कोणी सांगेना, तर आवक क्रमांक घालून माहिती अधिकारात विचारता येतं. तिथे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक मात्र वसूल होत नाही. पक्कं बिल नसल्याने त्या वर्षी आधारभूत किमतीतल्या फरकासाठी अर्ज करता आला नाही. त्या योजनेला नोंदणीकृत खरेदीदाराचं बिलच लागतं, चिठ्ठी नव्हे. किलोमागे दोन रुपये जास्त देणारा हस्तक या हिशेबात बहुतेक वेळा महागच पडतो.

पहिला धनादेश वटल्यावर पेढीकडून तक्रार मागे घेतल्याचं पत्र मागितलं गेलं. ते दिलं नाही. ४०,००० मिळाले, ३९,२३८ बाकी, एवढं कळवणारं पत्र मंडळाला आवक क्रमांकासह दिलं. तक्रार मागे घेतल्याचं पत्र दुसरा धनादेश खात्यात जमा झाल्याची नोंद पासबुकात छापून आल्यावरच लिहिलं, आणि त्यातही ‘तडजोडीनुसार ७९,२३८ रुपये पूर्ण मिळाले’ असा आकडा घातला.