सहा गोल झाले, फलकावर सात दिसले

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कार्यालयात हिवाळ्यात पहाटे साडेपाचला कामाला सुरुवात होते, कारण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात वाजता आइस हॉकीचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे तेवढेच वाजलेले असतात. पैज लावणे किंवा घेणे हे आमचे काम नव्हे. जिथे कायद्याने परवानगी आहे अशा देशातल्या एका कंपनीकडे लागलेल्या पैजांचे निकाल संगणकाने बरोबर लावले आहेत की नाहीत, एवढेच आम्ही तपासतो. ज्या सकाळची ही हकिगत आहे ती काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. त्याच आठवड्यात निकाल लावणारी नवी प्रणाली सुरू झाली होती आणि तिच्यावर आमचा अजून पुरता विश्वास बसलेला नव्हता.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा तो सामना यजमान संघ ३-२ असा जिंकत आला होता. तिसऱ्या पिरियडची जेमतेम सत्तर सेकंदे उरली असताना पाहुण्यांनी आपला गोलरक्षक बाहेर बोलावला आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू बर्फावर उतरवला. हॉकीत ही नेहमीची चाल आहे. एका गोलाने हरणाऱ्याला दोन गोलांनी हरले तरी फारसा फरक पडत नाही. पैजांच्या हिशेबाने पाहिले तर सामन्यातला हाच क्षण सर्वांत नाजूक. यजमानांनी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, रिकाम्या जाळीत घातला असता तर ४-२ झाले असते आणि पक लाइनवर, म्हणजे गोलांच्या फरकावरच्या पैजेत, यजमान उणे दीड घेतलेले लोक जिंकले असते, कारण त्यांच्या संघाने निदान दोन गोलांनी जिंकायला हवे होते. गोल झालाच नसता तर ३-२ वर यजमानांची मनीलाइन, म्हणजे सामना कोण जिंकणार एवढीच पैज, आणि साठ मिनिटांच्या थ्री-वेमधला, म्हणजे यजमान, बरोबरी आणि पाहुणे अशा तीन पर्यायांच्या पैजेतला यजमान हे दोन्ही जिंकले असते, पण उणे दीड हरला असता. प्रत्यक्षात घडले तिसरेच. शेवटच्या नऊ सेकंदांत पाहुण्यांनी बरोबरी साधली, पाच मिनिटांच्या ओव्हरटाइममध्ये कोणाचाच गोल झाला नाही आणि शूटआउटमध्ये यजमान जिंकले. फलकावर ४-३ लागले.

सव्वाआठच्या सुमारास मी निकालांची यादी उघडली. मनीलाइनमध्ये यजमान विजयी होते, आणि ते योग्यच होते, कारण मनीलाइनमध्ये ओव्हरटाइम आणि शूटआउट दोन्ही धरतात. पक लाइनवर पाहुणे अधिक दीड विजयी होते, तेही योग्य, कारण ते एकाच गोलाने हरले होते. मात्र थ्री-वेमध्येही यजमानच विजयी दाखवले होते.

माझ्या शेजारी बसणारा मिरजेचा मुलगा नवीनच रुजू झाला होता. तो म्हणाला, "ताई, बरोबरच आहे की. चार-तीन जिंकलेत ते."

मी त्याला गोल करणाऱ्या खेळाडूंची यादी मोजायला सांगितले. त्याने दोनदा मोजली. "सहाच भरतायत," तो म्हणाला. "सातवा कुणी केला?"

सातवा गोल कोणाच्याच नावावर नव्हता. शूटआउट जिंकणाऱ्या संघाच्या गोलसंख्येत एक गोल मिळवला जातो, पण तो कोणत्याही खेळाडूच्या खात्यावर जमा होत नाही. पिरियडचे रकाने पाहिले तर १-१, १-१, १-१ अशी बेरीज ३-३ होत होती. थ्री-वेचा निकाल साठ मिनिटांवरच लावायचा असतो, तेव्हा तिथे बरोबरी विजयी ठरायला हवी होती. नव्या प्रणालीने मात्र तिन्ही पैजांसाठी अंतिम गोलसंख्येचा एकच रकाना वाचला होता.

पक लाइन तपासून ही चूक कधीच सापडली नसती. ओव्हरटाइममध्ये पहिला गोल होताच सामना संपतो आणि शूटआउटचा विजयही एकाच गोलाचा धरला जातो, त्यामुळे साठ मिनिटांना बरोबरी झालेल्या सामन्यात उणे दीड कधीच जिंकू शकत नाही आणि अधिक दीड कधीच हरू शकत नाही. ३-३ धरा किंवा ४-३ धरा, निकाल तोच लागतो. आदल्या तीन दिवसांत आम्ही नमुना म्हणून पक लाइनच्याच पैजा अधिक तपासल्या होत्या आणि सगळे ठीक असल्याचे कळवूनही टाकले होते, ही गोष्ट मला आजही टोचते.

तोवर कंपनीकडे एका ग्राहकाची तक्रार आली होती. त्याने बरोबरीवर पैसे लावले होते आणि ते बुडाल्याचे त्याला दिसत होते. त्याचे म्हणणे खरे होते. निकाल उलटवल्यावर मात्र दुसऱ्या बाजूने तक्रारी येणार हे उघड होते: आमचा संघ जिंकला, मग दिलेले पैसे परत का घेता? त्यांच्यासाठी उत्तराचा मसुदा मलाच लिहायचा होता, आणि तो मी भावांवरून लिहिला.

थ्री-वेमध्ये यजमानांना २.३०, बरोबरीला ४.२० आणि पाहुण्यांना २.८० असा भाव होता. एकाला प्रत्येक भावाने भागले की त्या भावात धरलेली शक्यता मिळते; टक्क्यांत ती ४३.५, २३.८ आणि ३५.७ येते. बेरीज १०३ होते, त्यातले वरचे तीन कंपनीचे. ते काढले की ढोबळमानाने ४२, २३ आणि ३५ उरतात. ओव्हरटाइममध्ये तीन विरुद्ध तीन खेळाडू असतात आणि पुढे शूटआउट, म्हणून तो जवळपास नाणेफेकीसारखा मानला आणि बरोबरीचे २३ दोन्ही संघांत निम्मे-निम्मे वाटले, तर यजमानांचे साडेत्रेपन्न होतात. त्यावर कंपनीचा तेवढाच वाटा चढवला की भाव १.८० च्या आसपास येतो, आणि मनीलाइनवर नेमका तोच भाव लागलेला होता. म्हणजे शंभरावर १८० ऐवजी २३० मिळतात ते वरचे पन्नास, बरोबरी झाली तर आपण हरू हे मान्य केल्याबद्दलचे असतात. ज्याने २.३० घेतला त्याने ओव्हरटाइम विकून टाकलेला असतो. नंतर त्यावर हक्क सांगता येत नाही. पत्रात अर्थातच हे अधिक सौम्य शब्दांत गेले.

साडेनऊपर्यंत निकाल दुरुस्त झाले. ज्यांनी दरम्यान पैसे काढून घेतले होते त्यांचे काय करायचे ते कंपनीने आपल्या पातळीवर ठरवले. आम्ही एक नियम घातला: गोल करणाऱ्यांची संख्या आणि फलकावरची बेरीज जुळली नाही, तर त्या सामन्याचा थ्री-वे माणसाने पाहिल्याशिवाय सुटणार नाही. मला तो नियम पक्का वाटला होता.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलाने मला हाक मारली. सामना ३-२ संपला होता, गोल करणारे पाचही खेळाडू यादीत होते, नियमाने काहीच अडवले नव्हते आणि थ्री-वे पुन्हा विजेत्याच्या नावावर लागला होता. "ताई, पाचवा गोल ओव्हरटाइमचा आहे," तो म्हणाला, "पण त्याला खेळाडूचं नाव आहे."

ओव्हरटाइममधला गोल खेळाडूच्या खात्यावर जमा होतो, हे मला पूर्ण ठाऊक होते. नियम लिहिताना मात्र डोळ्यांसमोर फक्त शूटआउटचा सामना होता. त्या दिवशी आम्ही नावे मोजणे सोडून दिले आणि पहिल्या तीन पिरियडांची बेरीज करून तीच थ्री-वेसाठी वाचायची, अंतिम रकान्याला हातच लावायचा नाही, असे प्रणाली लिहिणाऱ्यांना कळवले. त्या सामन्यात ती बेरीज २-२ आली.